वाटाण्याचे रोप विसरू नका



‘स्टार्टअपवर मराठीत सिनेमाच नाही’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. पत्रलेखकाने ‘द सोशल नेटवर्क’, ‘पिचर्स’ सुचवले. पण परेश मोकाशींचा फाळक्यांवरचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) राहिला. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळके 1912 मध्ये लंडनला गेले, कॅमेरा आणला. तरी सावकार पैसे सोडेनात. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसले, तेव्हा भांडवल मिळाले. ‘पिचर्स’मधली मुले नोकरी सोडून गुंतवणूकदारापुढे बोलतात, फाळक्यांनी आधी नमुना दाखवला. नवउद्योजकांनी नेमके हेच पाहावे.

– एक वाचक, नाशिक