हात धरावा, पण ओढू नये

माझ्या परिचयातील दोन बालमैत्रिणींची ही हकिगत. दोघीही सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांपैकी एकीला तरुणपणापासून चारचौघांत वावरण्याची धास्ती वाटते. घरी त्या मोकळेपणाने बोलतात. मात्र ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेला जायचे म्हटले की आदल्या रात्री झोप लागत नाही. सभेनंतरच्या चहाचे भय सर्वांत मोठे. कप धरताना हात थरथरेल, चहा सांडेल आणि सगळे आपल्याकडेच पाहत राहतील, असे त्यांना वाटते. लोक आपल्याला न्याहाळतील, हसतील या भीतीने माणूस दीर्घकाळ असे प्रसंग टाळू लागला व त्याचे जगणे आक्रसले, तर त्यास सामाजिक चिंताविकार म्हणतात. हा निव्वळ लाजाळूपणा नव्हे.

मैत्रिणीने प्रेमापोटी दोन उपाय केले आणि दोन्ही फसले. एकदा भर सभेत तिने सुचवले, ‘हिचा आवाज गोड आहे, हिला गाणे म्हणायला सांगा.’ माइक समोर येताच त्या उठून घरी गेल्या व पुढच्या दोन सभांना आल्या नाहीत. मग मैत्रीण दुसऱ्या टोकाला गेली. यांना कोणी काही विचारले की उत्तर तीच देई. चहा आला की ‘हिला पित्त होते’ असे सांगून कप परत पाठवी. त्या सभेला येऊ लागल्या खऱ्या, परंतु भीती तसूभरही कमी झाली नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भीती वाटत असतानाच तेथून निघून गेले किंवा कोणी आपली सुटका केली, की तत्काळ हायसे वाटते. त्या सुटकेतून मन एवढेच शिकते, की ‘वाचलो, नाहीतर फजिती झाली असती.’ फजिती खरोखर झाली असती का, हे पडताळण्याची संधीच मिळत नाही. उलट, पूर्वतयारी नसता एकदम पुढे ढकलले, तर भीती आणखी पक्की होते.

अखेर मैत्रिणीने एका दुपारी घरी बसून विचारले, ‘अगं, तुला नेमके कशाचे भय वाटते? आणि पहिल्यांदा किती जमेल?’ उत्तर मिळाले, ‘अर्धा तास बसेन. चहा अर्धाच कप घेईन.’ बेत तिनेच ठरवला, हे महत्त्वाचे. गर्दी जमण्यापूर्वी पंधरा मिनिटे पोहोचायचे, कडेच्या खुर्चीवर बसायचे, फारच घाबरल्यासारखे झाले तर पाच मिनिटे व्हरांड्यात जायचे. पण घरी न जाता परत आत यायचे, असे ठरले.

सभेत एका गृहस्थांनी त्यांना प्रकृती विचारली. मैत्रिणीच्या ओठांवर उत्तर आले होते, तरी ती गप्प राहिली. काही क्षणांनी त्या स्वतःच बोलल्या. चहा घेताना हात थरथरला, थोडा चहा बशीत सांडलाही. मैत्रिणीने कप हातातून घेतला नाही, ‘घाबरू नकोस’ असेही म्हटले नाही. शेजारी आपला चहा पीत राहिली. घरी परतताना तिने एवढेच विचारले, ‘काय होईल असे वाटले होते आणि काय झाले?’ त्या म्हणाल्या, ‘सांडला तर खरा, पण कोणी पाहिलेसुद्धा नाही गं.’

पुढे आधार एकेक करून काढायचा असतो. तिसऱ्या सभेत त्यांनी पूर्ण कप घेतला. पाचव्या सभेत मैत्रीण मुद्दाम दुसऱ्या रांगेत बसली. आपली मदत योग्य दिशेने चालली आहे का, याची खूण हीच, की आधार हळूहळू कमी होतो. दर वेळी तो वाढवावा लागत असेल, किंवा तुमच्यावाचून ती व्यक्ती उंबरठाच ओलांडत नसेल, तर ती मदत पुन्हा सुटका होऊ लागली आहे असे समजावे. एखादी सभा बिनसली, तर मागच्या पायरीवर यावे. बेत मोडू नये.

मात्र उतारवयात एखादी व्यक्ती नव्यानेच लोकांत जाणे टाळू लागली, तर केवळ भीती समजून चालू नये. ऐकू कमी येणे, नैराश्य किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात हेही कारण असू शकते. नव्याने सुरू झालेला हाताचा कंप व धडधड डॉक्टरांना दाखवावी. थरथर थांबावी म्हणून दुसऱ्याची गोळी कदापि देऊ नये. अशी काही औषधे दम्याच्या रुग्णास घातक ठरतात. भीतीमुळे औषध आणणे, दवाखान्यात जाणेही टळत असेल, तर मैत्रीपुरते न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. विचार व वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती या विकारावर उपयुक्त आहे, आणि गरज भासल्यास औषधेही असतात. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तो क्रमांकही मैत्रिणीला स्वतः फिरवू द्यावा. आपण शेजारी बसावे.