व्हीपीएन जोडल्यावर डब्ल्यूएसएल व कंटेनरमधील डीएनएस बंद पडण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रमुख, माहिती तंत्रज्ञान विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : विंडोज लॅपटॉपवरील डब्ल्यूएसएल-२ मध्ये डीएनएस टनेलिंग अधिकृतपणे सुरू करून मिळणे व व्हीपीएनच्या धोरणात अनुरूप बदल होणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे सॉफ्टवेअर विकास विभागाचे कर्मचारी असून, आमचे बहुतांश काम विंडोजमधील डब्ल्यूएसएल-२ या लिनक्समध्ये चालते. घरून काम करताना कंपनीचे व्हीपीएन जोडले की या लिनक्सला कोणत्याही सर्व्हरचे नाव ओळखता येत नाही. त्याच क्षणी विंडोजच्या ब्राउझरमध्ये तीच साइट व्यवस्थित उघडते. त्यामुळे हेल्पडेस्क "इंटरनेट चालू आहे" असा शेरा मारून तक्रार बंद करतो आणि काम तसेच अडून राहते.

दोष नेमका कुठे आहे, हे आम्ही तपासले आहे. अंतर्गत गिट सर्व्हरवरून कोड घेताना `Temporary failure in name resolution` असा संदेश येतो. सर्व्हरचा आयपी पत्ता थेट दिला तर जोडणी होते, म्हणजे बोगद्यातून जाणारी वाट मोकळी आहे. लिनक्समधून व्हीपीएनच्या डीएनएस सर्व्हरला थेट विचारले, तर तोही लगेच उत्तर देतो. अडते ते फक्त `/etc/resolv.conf` मधल्या पत्त्यावर. तो १७२ ने सुरू होणारा पत्ता विंडोजच्याच आभासी नेटवर्क कार्डाचा असतो. लिनक्स आपला प्रश्न तिथे पाठवते आणि विंडोजने तो पुढे विचारून उत्तर परत द्यावे, अशी मूळ रचना आहे. आपले व्हीपीएन सुरू होताच स्थानिक नेटवर्कवरची वाहतूक बंद करते. हे आभासी कार्डही त्याच बंदीत सापडते, आणि ५३ क्रमांकाच्या पोर्टवरचा प्रश्न विंडोजपर्यंत पोहोचतच नाही.

यावर अनेकांनी शोधलेला उपाय आम्हाला अधिक चिंतेचा वाटतो. ते `resolv.conf` आपोआप तयार होणे बंद करतात आणि त्यात बाहेरचा 8.8.8.8 हा सर्व्हर हाताने लिहितात. बाहेरच्या साइट त्याने उघडू शकतात, पण अंतर्गत नावे तरीही सापडत नाहीत. शिवाय प्रत्येक प्रयत्नात आपल्या अंतर्गत सर्व्हरचे नाव बाहेरच्या यंत्रणेला विचारले जाते. सुरक्षेसाठी घातलेल्या बंदीतून अशी गळती होणे कोणालाच मान्य होणार नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, विंडोज ११ (२२एच२ वा त्यापुढील) असलेल्या सर्व लॅपटॉपवर डब्ल्यूएसएलची चालू आवृत्ती विभागामार्फत द्यावी आणि वापरकर्त्याच्या फोल्डरमधील `.wslconfig` मध्ये पुढील ओळी असाव्यात :

```
[wsl2]
dnsTunneling=true
```

नव्या आवृत्त्यांत हे मूळचेच सुरू असते. परंतु जुनी आवृत्ती किंवा आधीची बंद केलेली नोंद असल्यास ते लागू होत नाही, म्हणून स्पष्ट नोंद हवी. बदलानंतर `wsl --shutdown` करावे लागते. या पद्धतीत लिनक्सचा प्रश्न नेटवर्क पॅकेट म्हणून जातच नाही. आभासीकरणाच्या आतल्या मार्गाने तो थेट विंडोजच्या डीएनएस सेवेला मिळतो, त्यामुळे फायरवॉलला अडवण्यासारखे काही उरत नाही. कोणते नाव कोणत्या सर्व्हरला विचारायचे याचे जे नियम व्हीपीएन विंडोजवर बसवते, तेही लिनक्सला लागू होतात. म्हणजे सुरक्षा विभागाचे नियंत्रण यात उलट वाढते. एखाद्या धोरणाने डब्ल्यूएसएलची नेटवर्क सेटिंग कुलूपबंद केली असेल, तर तेवढी मोकळी करावी.

कंटेनरची बाब वेगळी आहे आणि तिच्याकडे स्वतंत्र लक्ष द्यावे, ही विनंती. लिनक्सच्या आतच डॉकर बसवलेले असेल, तर टनेलिंग सुरू केल्यावर कंटेनरचे प्रश्न 8.8.8.8 कडे वळू शकतात. त्या सर्व्हरला आपली अंतर्गत नावे माहीत नाहीत. परिणामी लिनक्समध्ये अंतर्गत नावे सापडतात, कंटेनरमध्ये मात्र नाहीत. अशा यंत्रांसाठी `daemon.json` मध्ये लिहावयाचा अंतर्गत डीएनएसचा पत्ता विभागाने लेखी कळवावा. व्हीपीएन तुटल्यावर तो पत्ता पोहोचणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे. तरी बाहेरचा सर्व्हर वापरण्यापेक्षा ही मर्यादा आम्हाला मान्य आहे.

विंडोज १० वरील सहकाऱ्यांना टनेलिंगची सोय मिळत नाही. मायक्रोसॉफ्टचा त्या प्रणालीचा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यांचे लॅपटॉप बदलेपर्यंत व्हीपीएनच्या स्थानिक बंदीतून केवळ डब्ल्यूएसएलच्या आभासी कार्डावरील ५३ पोर्टला सूट द्यावी. घरच्या वायफायवरील बंदी हटवण्याची मागणी आम्ही करत नाही.

हेल्पडेस्कच्या तपासणीत लिनक्सच्या आतून पुढील आज्ञा चालवून पाहणे सक्तीचे करावे, आणि तिचे उत्तर रिकामे आल्यास तक्रार बंद करू नये :

```
getent hosts <अंतर्गत-सर्व्हरचे-नाव>
```

वरील बदल प्रथम आमच्यापैकी काही यंत्रांवर करून पाहण्यास आम्ही तयार आहोत. त्यासाठी व्हीपीएन पाहणाऱ्या अधिकाऱ्यांसोबत बैठकीची वेळ कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
सॉफ्टवेअर विकास विभागाचे कर्मचारी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव : मा. प्रमुख, माहिती सुरक्षा विभाग