निथळण्याचा हिशोब

पोअर-ओव्हर कॉफीबद्दल माझं एक ठाम मत आहे, आणि ते बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत राहून जात होतं. मत असं, की कॉफीतून पाणी निथळायला लागणारा वेळ हा थर्मामीटरसारखा असतो. ताप आहे की नाही एवढं तो सांगतो. थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरत नाही, आणि काहीतरी खटपट करून घड्याळात तीन मिनिटं गाठली म्हणून कपातली कॉफी गोड लागत नाही. तरीही जो तो घड्याळाच्या मागे. असो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक शंकूच्या आकाराची गाळणी, तिच्यात कागदाचा फिल्टर, त्यात दळलेली कॉफी आणि वरून हाताने सोडलेली गरम पाण्याची धार. बस्स. कागदाची ही युक्ती ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या बाईंची. 1908 साली त्यांनी पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद त्यावर घालून कॉफी गाळली. कागद कॉफीतलं तेल आणि बारीक गाळ अडवून धरतो, म्हणून कप स्वच्छ लागतो. माझ्याकडे आहे ती जपानी व्ही-60, म्हणजे साठ अंशांचा शंकू आणि खाली एकच मोठं भोक. पाणी किती वेगाने खाली उतरेल हे त्या भोकावर ठरत नाही. ते तुमच्या दळणावर आणि तुमच्या हातावर ठरतं. सगळी गंमत आणि सगळा त्रास इथेच आहे.

आता "गोड" म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण काळी कॉफी गोड म्हटलं की घरचे हसतात. कॉफीच्या बीमधली साखर भाजतानाच जवळजवळ सगळी संपते. आपल्याला जो गोडवा जाणवतो तो बराचसा वासातून येतो, आणि तो जाणवायला आंबट, कडू आणि तुरट या तिघांनी जरा मागे सरकावं लागतं. पाणी कॉफीतून आधी आंबटपणा काढतं, कडू-तुरट भाग जास्त वेळाने किंवा जास्त घुसळण्याने येतात. लवकर थांबलात तर आंबट, फार रेंगाळलात तर कडू. गोडवा मधल्या पट्ट्यात.

हे सगळं मी इतक्या तावातावाने लिहितोय याला कारण आमचे मामा. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली आणि चाळीस वर्षांची दुधा-साखरेची कॉफी एका दिवसात गेली. नाक मुरडत काळी कॉफी औषधासारखी प्यायचे. "अरे, प्यायला काही उरलंच नाही बघ," असं ते म्हणाले तेव्हा मला वाईट वाटलं. साखर सोडलेल्या माणसाला तरी नीट केलेला कप मिळायला हवा, नाही का?

तर माझी कृती अशी. 15 ग्रॅम कॉफी, 240 ग्रॅम पाणी. दळण बारीक रव्याच्या आसपास. कागद आधी गरम पाण्याने ओला करून ते पाणी टाकून द्यायचं. पुण्यात पाणी साधारण 98 अंशांनाच उकळतं. मध्यम भाजलेल्या कॉफीला उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबलं की पुरे.

पहिला टप्पा फुलण्याचा, म्हणजे ब्लूम. कॉफीच्या तिप्पट, म्हणजे 45 ग्रॅम पाणी घालायचं आणि पाऊण मिनिट थांबायचं. भाजताना बीमध्ये कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. तो बाहेर पडताना कॉफी फुगते, बुडबुडे येतात. हा वायू आत असेपर्यंत पाण्याला नीट शिरता येत नाही, म्हणून त्याला आधी वाट करून द्यायची. पण फुगवटा बघून खूष होण्यापेक्षा माझं लक्ष दुसरीकडे असतं. आत कोरडी गुठळी राहिली आहे का? म्हणून पाणी घातल्यावर गाळणी हातात धरून दोन-तीनदा हलकेच गोल फिरवायची. कोरड्या राहिलेल्या गुठळीतून नंतरही काही निघत नाही, आणि तिच्या बाजूची कॉफी मात्र जास्त निथळते. एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही येतं ते बहुतेक यामुळे. कॉफी अजिबात फुगलीच नाही तर ती शिळी आहे, पुढची धार कितीही सुंदर धरा.

दुसरा टप्पा धारेचा. उरलेलं पाणी तीन वेळा, दर वेळी 65 ग्रॅम. म्हणजे काट्यावर 110, मग 175, मग 240. प्रत्येक धार साधारण पंधरा सेकंदांची आणि मध्ये वीस सेकंदांची विश्रांती. धार मधून सुरू करून सावकाश गोल गोल बाहेर न्यायची आणि परत मध्ये आणायची. कागदाच्या भिंतीवर पाणी सोडायचं नाही, कारण ते कॉफीला न भेटता बाजूने खाली निघून जातं आणि कप पाणचट होतो. किटली कॉफीच्या जवळ धरायची. उंचावरून धार सोडली की सगळं घुसळतं, दळणातली पिठासारखी बारीक पूड सुटी होऊन खाली कागदावर बसते आणि छिद्रं बुजवते. पाणी उतरता उतरत नाही ते मग.

तिसरा टप्पा आपल्या हातात नाही, तो फक्त बघायचा. शेवटची धार दोन मिनिटं दहा सेकंदांच्या सुमारास संपते. तिथून पाणी उतरून चोथा उघडा पडेपर्यंत पाऊण ते एक मिनिट लागावं, म्हणजे एकूण तीन मिनिटं. खाली साधारण 210 ग्रॅम कॉफी मिळते, बाकीचं पाणी चोथा धरून ठेवतो.

आता मामांच्या स्वयंपाकघरात काय झालं ते बघा. त्यांच्याकडे होती साउथ इंडियन फिल्टरसाठी दळलेली, चिकोरी घातलेली पूड. त्या पितळी फिल्टरात ती छान, पण कागदात घातली तर सहा मिनिटं झाली तरी पाणी वर तरंगत होतं. मग चिकमगळूरची, धुतलेल्या पद्धतीची अरेबिका आणली, भाजून दहा दिवस झालेली, आणि हाताने फिरवायचं दळणयंत्र. त्याच्या चकतीवर खाचा असतात. पहिला कप विसाव्या खाचेवर दळला. 4 मिनिटं 20 सेकंद. कडू, आणि प्यायल्यावर जीभ कोरडी.

मामांनी यावर तोडगा काढला. दळण तेच ठेवलं, आणि ब्लूम झाल्यावर उरलेलं सगळं पाणी एकदम ओतलं. वर पाण्याचा दाब वाढला आणि कॉफी 3 मिनिटं 15 सेकंदांत खाली! "झाली बघ तुझी तीन मिनिटं," मामा विजयी मुद्रेने म्हणाले. एक घोट घेतला आणि गप्प बसले. तुरटही होती आणि पाणचटही. मी गाळणीत बघायला सांगितलं. मधोमध खड्डा, आणि भिंतीवर वरपर्यंत चिकटलेली कॉफी. खड्ड्यातल्या कॉफीतून भरमसाट पाणी गेलं होतं, भिंतीवरच्या कॉफीने पाणी नीट पाहिलंही नव्हतं. घड्याळ सुधारलं, कप होता तिथेच.

तिसऱ्या वेळी धार पुन्हा ठरल्याप्रमाणे, फक्त दळण चार खाचा जाड केलं. 2 मिनिटं 20 सेकंद. पातळ आणि आंबट, कच्च्या चिंचेची आठवण व्हावी इतकी. चौथ्या वेळी दोन खाचा मागे, म्हणजे बाविसाव्यावर. 2 मिनिटं 55 सेकंद. चोथा वर सपाट, भिंतीवर पातळसा थर. मामांनी कप तोंडाला लावला आणि नाक मुरडायचं विसरले. "थोडी निवू दे," मी म्हटलं. चांगल्या कपाची ही परीक्षाच आहे. गरम असताना सगळंच खपून जातं, कोमट झाल्यावर गोडवा पुढे आला तर निथळणं जमलं आणि तुरटपणा पुढे आला तर नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. वेळ चुकली तर वेळ दुरुस्त करायला जाऊ नका, दळण बदला. धार रोज तीच ठेवा, म्हणजे घड्याळाच्या बोलण्याला काही अर्थ राहतो. दोन्ही एकदम बदललं तर कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही. आणि घड्याळ काहीही म्हणो, चोथा बघितल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

या तीन मिनिटांनाही मर्यादा आहेत. तीस ग्रॅम कॉफी घेतलीत तर थर जाड होतो आणि वेळ सहज वाढतो, त्यात काही बिघडलेलं नसतं. कागदाचा प्रकार बदलला तरी अर्धा मिनिट इकडे-तिकडे होतं. इथिओपियाच्या बियांची बारीक पूड जास्त पडते, त्या उशिरा निथळूनही सुरेख लागतात. गडद भाजलेल्या कॉफीला पाणी जरा निववून, नव्वदच्या खाली घ्यावं आणि दळण जाड ठेवावं, नाहीतर तीन मिनिटांतही ती कडूच होणार. आणि माझी बाविसावी खाच तुमच्या यंत्रावर कुठली असेल ते तुमचं तुम्हालाच चार कप करून शोधावं लागेल.

काही जण म्हणतील, एवढा उपद्व्याप एका कपासाठी? तर हो. काटा, कागद आणि साधी किटली एवढ्यावर हे होतं. हंसाच्या मानेसारखी तोटी असलेली महागडी किटली नसली तरी चालतं, बारीक तोंडाच्या छोट्या भांड्यानेही धार धरता येते. पैसे खर्च करायचेच असतील तर दळणयंत्रावर करा. पूड एकसारखी पडली नाही तर वरची कुठलीच युक्ती उपयोगाची नाही.

तुमच्याकडे चार कप झाले की कुठल्या खाचेवर किती वेळ लागला आणि चोथा कसा दिसला, ते जरूर कळवा. नुसती वेळ कळवू नका!