पगार वाढला की भाकरी का कमी होते? ज्वारीच्या घटत्या मागणीमागचं गणित

कमाई वाढली की माणूस सगळंच जास्त घेतो, असा आपला समज असतो. पण काही वस्तू अशा आहेत की हातात पैसा आला की त्यांची खरेदी कमी होते. सोलापूर, अहिल्यानगर, बीड या ज्वारीच्या पट्ट्यात याचं उदाहरण घरोघरी सापडतं.

समजा, पाच माणसांचं मजुरीवरचं घर आहे. महिन्याची कमाई 8 हजार असताना तिथं 30 किलो ज्वारी आणि 10 किलो गहू लागतो. पोरगा नोकरीला लागला आणि कमाई 14 हजारांवर गेली. दोन्ही धान्यांचे भाव तेच आहेत. आता घरात 18 किलो ज्वारी आणि 22 किलो गहू येतो. दूध, तेल, अंडीही वाढतात. पोट काही मोठं झालं नाही, धान्य 40 किलोच राहिलं. फक्त भाकरीची जागा चपातीनं घेतली.

कमाईबरोबर ज्याची मागणी वाढते त्या गहू, दुधाला अर्थशास्त्रात सामान्य वस्तू म्हणतात. जिची घटते ती ज्वारी या घरापुरती निकृष्ट वस्तू ठरते. निकृष्ट म्हणजे कसाला कमी असा अर्थ नाही. मालदांडीची भाकरी कुणी वाईट म्हणणार नाही. हा शब्द फक्त गिऱ्हाईक कसं वागतं ते सांगतो.

इथं एक गल्लत होते. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनवर गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलोनं मिळू लागला. जानेवारी 2023 पासून तो फुकट आहे. त्यामुळं ज्वारी सुटली असेल तर तो कमाईचा नव्हे, स्वस्त गव्हाचा परिणाम. दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या, म्हणून सगळं खापर वाढत्या कमाईवर फोडता येत नाही. खरं ओळखायचं तर भाव तेच असताना, नुसती कमाई वाढल्यावर घरानं काय केलं ते बघावं लागतं.

शिवाय एकच वस्तू एका घरात निकृष्ट आणि दुसऱ्या घरात सामान्य असू शकते. शहरात साखरेच्या आजाराच्या धास्तीनं पैसेवाले लोक परत भाकरीकडं वळलेत. तिथं कमाई वाढली की ज्वारीही जास्त घेतली जाते. म्हणजे गावातलं मजुराचं घर ज्वारी सोडतंय आणि शहरातलं पगारदार घर ती चढ्या भावानं घेतंय.

शेतकऱ्यानं ज्वारी पेरताना हेच बघायला हवं. नुसतं गावच्या बाजारावर विसंबलं तर लोकांची कमाई वाढेल तसं गिऱ्हाईक कमी होत जाईल. स्वच्छ, निवडलेला माल शहरात पोचवता आला तर तीच कमाई ज्वारीच्या बाजूनं काम करते. कडब्याचा हिशोब मात्र वेगळा. लोकांचं दूध पिणं वाढलं की जनावरं वाढतात आणि वैरणीची मागणीही वाढते.