थकीत म्हणजे नेमके काय?

दहिसरच्या वस्तीतल्या एका ताईंच्या मायक्रोफायनान्स कर्जाचा मराठी करार आम्ही इंग्रजीशी ताडून पाहिला. इंग्रजीत ‘ओव्हरड्यू’ आणि ‘आउटस्टँडिंग’ असे दोन वेगळे शब्द. मराठीत दोन्हींना एकच, ‘थकीत रक्कम’. हप्ता २,५०० रुपये, शिल्लक मुद्दल ४०,०००. दरमहा २ टक्के दंड चुकलेल्या हप्त्यावर धरला तर ५० रुपये, शिल्लक कर्जावर धरला तर ८००. याला नुसती भाषांतराची चूक म्हणायचे? रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात, सूक्ष्मकर्जात दंड मुदत उलटलेल्या रकमेवरच, संपूर्ण कर्जावर नाही. आणि लोन कार्ड कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे. मग ‘मुदत उलटलेला हप्ता’ लिहायला कोणाची शाई संपली होती? आम्ही दुरुस्ती लेखी मागितली आहे, हप्त्यांच्या तक्त्यासकट. तोंडी दिलगिरी नको.