दहा सतरा की साडेदहा?

परीक्षेच्या दिवसांत पाटसच्या चौकात पावणेअकराला कुणाच्या तरी मोबाईलवर प्रश्नपत्रिकेचा फोटो येतो आणि अकराच्या आत गावभर होतं : दौंडला पेपर फुटला. त्या एका वाक्यात तीन दावे आहेत. फोटोतला कागद आजच्याच पेपरचा आहे, तो वेळेआधी बाहेर पडला आणि तो दौंडहून बाहेर पडला. हातातला फोटो यांपैकी एकही दावा सिद्ध करत नाही. तो एवढंच सांगतो, की हे चित्र अमुक मिनिटाला या मोबाईलवर होतं. पेपरफुटीचा तपास याच कोरड्या वाक्यापासून सुरू करावा लागतो. तसा तो केला नाही, तर भलत्याच माणसावर आळ येतो आणि खरा गुन्हेगार निसटतो.

3 मार्च 2023 चा बारावीचा गणिताचा पेपर आठवावा. पेपर अकराचा. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजात साडेदहाच्या सुमारास त्याची पानं समाजमाध्यमांवर फिरू लागल्याची बातमी आली, विधानसभेत त्याच दिवशी गदारोळ झाला आणि राज्याने ‘सिंदखेडराजाची पेपरफुटी’ हे नाव पक्कं केलं. मंडळाची भूमिका अशी होती, की साडेदहाला विद्यार्थी परीक्षा केंद्रात पोहोचलेले असतात, त्यामुळे नंतर फिरलेल्या पानांचा त्यांना उपयोग नाही आणि फेरपरीक्षेची गरज नाही. म्हणजे सगळा युक्तिवाद साडेदहा या एका रेषेवर उभा होता.

त्याच दिवशी मुंबईत दादरच्या एका केंद्रावर एका परीक्षार्थीकडे मोबाईल सापडला. पोलिसांच्या हवाल्याने आलेल्या बातम्यांनुसार त्यात याच पेपरचा काही भाग होता आणि तो 10 वाजून 17 मिनिटांनी आला होता. सिंदखेडराजा तिथून सुमारे चारशे किलोमीटर दूर. तेरा मिनिटांचाच हा फरक, पण त्यामुळे प्रकरणाची मांडणी उलटते. पेपर निदान 10.17 ला बाहेर होता, म्हणजे साडेदहाच्या रेषेच्या आत. ‘सिंदखेडराजात फुटला’ हे विधानही आता टिकत नाही. टिकतं ते एवढंच : सिंदखेडराजात पानं साडेदहाला दिसली. उगम तिथलाच होता, दुसरीकडचा होता की दोन ठिकाणी स्वतंत्रपणे कागद बाहेर पडला, हे दोन्हीकडचे फोटो शेजारी ठेवल्याशिवाय बोलता येत नाही. पानाची घडी, कडेला पडलेली सावली, टेबलाचा तुकडा, कापला गेलेला कोपरा सारखा असेल तर फोटो एक. वेगळा असेल तर हात दोन. पुढे मुंबई गुन्हे शाखेचा तपास तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयापर्यंत गेला आणि तिथल्या काही जणांना अटक झाली. अटक म्हणजे पोलिसांचा आरोप; दोष ठरवणं न्यायालयाचं काम. पण तपासाची दिशा योग्य होती : ज्या मोबाईलवर कागद सापडला तिथून मागे, प्रत्येक पाठवणाऱ्याला ‘तुला कुणी पाठवलं आणि किती वाजता’ हे विचारत.

मागे जाताना वेळेचा अर्थ नीट लावावा लागतो. व्हॉट्सॲपवरची वेळ निरोप पाठवल्या-मिळाल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. फोटो साध्या पद्धतीने पाठवला, की तो कधी आणि कोणत्या फोनवर काढला ही त्याच्यातली माहिती निघून जाते. ती मिळालीच तर मूळ फोनवर मिळते. म्हणून साखळीतला प्रत्येक दुवा फक्त वरची मर्यादा देतो : ‘10.17 च्या नंतर नक्की नाही’. त्याच्या किती आधी, हे पुढचा दुवा सापडेपर्यंत मोकळंच राहतं. ‘10.17 ला फुटला’ असं लिहिणारा वार्ताहर ही मर्यादाच फुटण्याची वेळ समजण्याची चूक करतो, आणि प्रश्नपत्रिका कुणाच्या ताब्यात होती याची वेळ चुकीची धरली की निरपराध शिक्षकही संशयितांत येतो.

ही खालची बाजू झाली. वरची बाजू म्हणजे कागदाचा प्रवास. छापलेली सीलबंद पाकिटं परिरक्षक केंद्रात येतात. तिथून परीक्षेच्या सकाळी सहायक परिरक्षक, ज्याला सगळे ‘रनर’ म्हणतात, ती परीक्षा केंद्रावर नेतो. 2023 पासून त्याने पाकीट ताब्यात घेण्यापासून वाटपापर्यंतचं चित्रीकरण करावं असा नियम आहे. वर्गात जाणारं पाकीट तिथेच, दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन उघडायचं असतं. अकराआधी दहा मिनिटं प्रश्नपत्रिका वाटण्याची सवलत त्याच वर्षी काढली गेली, तीही पानं बाहेर जात असल्याच्या तक्रारींमुळे. प्रत्येक टप्प्यावर कागद कुणाच्या हाती होता हे त्यामुळे मिनिटांत मांडता येतं. खालून येणारी 10.17 ची रेघ या वेळापत्रकावर टाकली, की ज्यांच्या हाती तोवर कागद पोहोचलाच नव्हता ती सगळी नावं गळतात. वर्गावरचा पर्यवेक्षक सुटतो. उरतात फार थोडी माणसं. पण हाती असणं म्हणजे फोडणं नव्हे, आणि तपास अहवालात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येता कामा नयेत.

‘माहीत होतं’ हे विधान तर याहून जपून करायचं. शंभर जणांच्या गटात फोटो पडला म्हणजे शंभर जणांनी पेपर आधी पाहिला असं नाही. कुणी मोबाईल घरी ठेवून गेलेला असतो, कुणी उघडलेलाच नसतो. ज्याने उघडला, फोन केला, पैसे पाठवले किंवा उत्तर लिहून परत टाकलं, त्याच्याबद्दल बोलता येतं. बाकीच्यांबद्दल ‘त्यांच्या मोबाईलवर होता’ एवढंच.

उलट बाजूचा सावधपणाही हवा. फेब्रुवारी 2025 मध्ये दहावीच्या मराठीच्या पहिल्याच पेपराला जालना जिल्ह्यातल्या बदनापूरहून पेपर फुटल्याच्या बातम्या सुटल्या. मंडळाने पेपरफुटी झाल्याचं नाकारलं आणि फिरत असलेल्या मजकुरात खासगी प्रकाशनाची व हस्तलिखित पानं असल्याचं सांगितलं. हे तपासायचा मार्ग सोपा होता : फिरणारं प्रत्येक पान मूळ प्रश्नपत्रिकेशेजारी ठेवायचं आणि कोणतं जुळतं, कोणतं नाही, हे पानागणिक जाहीर करायचं. एका वाक्यातला नकार आणि एका वाक्यातला आरोप, दोघांनाही लोक सारख्याच संशयाने पाहतात.

म्हणून मंडळाकडे आमची मागणी नेमकी आहे. ज्या पेपराबद्दल तक्रार नोंदली जाईल, त्याच्या अहवालात तीन वेळा छापा : पाकीट परिरक्षक केंद्रातून निघाल्याची, ते उघडल्याची आणि बाहेर सापडलेल्या पानाची सर्वांत आधीची. विद्यार्थ्यांची नावं नकोत, आरोपींची नकोत. ज्या वेळेचा पुरावा नाही तिथे ‘ठरलेली नाही’ असं लिहा. पाटसच्या ज्या मुलीने रात्र जागून गणित सोडवलं, तिला फेरपरीक्षा का नाही किंवा का आहे, हे या तीन आकड्यांवरून स्वतः पडताळता आलं पाहिजे.