आमच्या श्रोत्यांची शिरगणती

दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या आग्रहाने आम्ही यूट्यूबवर जुन्या ओव्यांचे अर्थ सांगू लागलो. एका महिन्यात एकंदर 212 वेळा आमचे बोलणे ऐकले गेले. वर्गात यापेक्षा फार होते असे नाही, म्हणून आम्ही खूष होतो. पण त्याच पानावर खाली वयाचा तक्ता होता आणि तो म्हणत होता, की सत्तर टक्के श्रोते पंचवीस ते चौतीस वर्षांचे पुरुष! आम्ही लगेच ओव्या आवरत्या घेऊन नव्या कादंबरीवर बोलायचे ठरवले.

कोजागिरीला गच्चीवर दूध आटवताना शेजारच्या काकूंनी आम्हांला धरले. "ओव्या का हो थांबवल्या? आम्ही पाचजणी ऐकतो की!"

"पण काकू, तक्त्यात तुम्ही कुठेच नाही!"

भाच्याने उलगडा केला. वय आणि स्त्री-पुरुष हा तक्ता फक्त आपले खाते उघडून बघणाऱ्यांवरून बनतो. काकूंना दुवा व्हॉट्सॲपवर येतो आणि तो खाते न उघडलेल्या ब्राउझरमध्ये उघडतो. त्यांचे ऐकणे 212 मध्ये धरले जाते, वयाच्या तक्त्यात मात्र नाही. दुसऱ्या काकू मुलाच्या खात्यावरून दूरदर्शन संचावर ऐकतात. त्या तर तक्त्यात चक्क तरुण पुरुष झाल्या! तिसरींनी सदस्यत्व घेतलेले आहे, पण खाते न उघडता ऐकतात म्हणून त्यांची गणना 'सदस्य नसलेल्यां'त.

त्यातून आकडे लहान. समजा, तक्ता वीसच माणसांवरून बनला. मग एक माणूस म्हणजे पाच टक्के. पुढच्या महिन्यात त्यांतल्या तीन तरुणांच्या जागी तीन वडीलधारे आले, की सत्तराचे पंचावन्न होतात, आणि आम्ही बसतो कारणे शोधत. वीसजणांच्या नमुन्यात वीसेक टक्के इकडेतिकडे होणे सहज शक्य आहे; दोन हजार असते तर ते दोनेक टक्क्यांवर येते. फार थोडे श्रोते असले तर यूट्यूब हा तक्ता दाखवतच नाही. आमच्या दुर्दैवाने आमचे थोडे जास्त होते.

मात्र संख्या वाढली म्हणून काकू तक्त्यात येणार नाहीत. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण शीत त्याच भांड्यातले हवे ना!

आता आम्ही आधी श्रोते कुठून आले ते पाहतो. बाहेरच्या दुव्यांत व्हॉट्सॲपचा वाटा मोठा दिसला, की वयाचा तक्ता मिटून ठेवतो. किती वेळा आणि किती मिनिटे ऐकले, या आकड्यांत खाते न उघडणारेही येतात, म्हणून ते वाचतो. बाकी चौकशी गच्चीवर. परवाच काकूंनी विचारले, कादंबरीचे ते भाग कोणी ऐकले तरी का? पाहिले तर एकतीस वेळा. त्यांतले चार आम्हीच.